कंडिशनर लावला म्हणजे को-वॉश झाला? नाही ओ!

माझी कुरळ्या केसांची भाची परवा फोनवर वैतागली होती. "मावशी, दीड महिना झाला को-वॉश करतेय, शॅम्पूऐवजी कंडिशनरनंच न्हातेय, शॅम्पूला हात लावला नाही, तरी डोकं खाजतंय आणि केस तुटतायत ते तुटतायतच, सगळं फालतू आहे हे." मी एकच विचारलं, कंडिशनर कुठं लावतेस गं? म्हणे केसांना, मुळांना लागू देत नाही, बाटलीवर तसंच लिहिलंय की. आता बोला. दीड महिना पोरीनं डोकं धुतलंच नव्हतं आणि नाव मात्र को-वॉशचं.

हा घोळ मी इतक्यांदा ऐकलाय की आता चिडचिड होते. शॅम्पूनंतर कंडिशनर लावणं सगळ्यांना येतं, त्यावर वेळ घालवत नाही, मुळं सोडून मधल्या भागापासून टोकापर्यंत लावायचा, दोन-तीन मिनिटांनी धुवायचा, संपलं. को-वॉशला वापरायची वस्तू जवळपास तीच, पण काम उलटं आहे. इथं कंडिशनरनं टाळू धुवायची असते. केस नाही, टाळू.

आता कंडिशनरनं धुतलं कसं जातं? शॅम्पूतला साबणासारखा पदार्थ तेलाला धरतो आणि पाण्याबरोबर वाहून नेतो, त्यामुळं तुम्ही आळशीपणानं चोळलं तरी बऱ्यापैकी साफ होतं. कंडिशनरमध्येही तेल थोडंफार सोडवणारे पदार्थ असतात पण ते लई मवाळ असतात, त्यांचा खरा धंदा केसाला चिकटून राहायचा. म्हणून जी ताकद बाटलीत नाही ती बोटांनी द्यावी लागते. टाळू ओली करायची, बोटांच्या पेरांनी (नखांनी नाही!) कंडिशनर मुळाशी पोचवायचा आणि कपाळापासून मानेपर्यंत, कानामागेसुद्धा, चार-पाच मिनिटं चोळत राहायचं. मग भरपूर पाणी. खांद्यापर्यंतच्या दाट कुरळ्या केसांना शॅम्पूनंतर दोन मोठे चमचे कंडिशनर पुरतो, को-वॉशला मला पाच-सहा लागतात, आणि पाणीही जवळपास दुप्पट. नळाला रोज पाणी येत नाही आणि बादलीत हिशोबानं न्हायचं अशा घरात ही खरी अडचण आहे. अर्धवट धुतलेला को-वॉश करण्यापेक्षा त्या दिवशी न केलेला बरा.

बरोबर झाला की नाही ते कळायला सोपं आहे. केस वाळल्यावर टाळूवर नख हलकेच फिरवा. नखाखाली पांढरट मऊ मळ आला, मुळं चपटी आणि टोकं कोरडी दिसली तर टाळू धुतली गेलेली नाही. भाचीच्या नखात अगदी हेच निघालं. त्यात तिची आई आदल्या रात्री खोबरेल तेलाची चंपी करून देते, वाटीभर. खोबरेल वाईट नाही, ते केसात शिरतं आणि धुताना होणारं नुकसान कमी करतं, पण ते केसांच्या लांबीला चमचाभर हवं, टाळूवर वाटीभर ओतलेलं तेल को-वॉशच्या बापाला निघायचं नाही. वर तिच्या कंडिशनरमध्ये डायमेथिकोन नावाचं सिलिकोन, तेही पाण्यानं सहज जात नाही, थरावर थर बसत जातो. को-वॉशला ज्याच्या यादीत शेवटी 'कोन' येणारी नावं नाहीत असा साधा पातळसर कंडिशनर बघा. आणि सेटिल अल्कोहोल वाचून घाबरू नका, ते केस कोरडे करणारं अल्कोहोल नाही, मऊ करणारं आहे.

डोक्यात कोंडा, लालसर खवले असतील तर को-वॉशच्या नादी लागू नका, सरळ त्वचेच्या डॉक्टरकडं जा.

आता तुटण्याचं. तुटतायत की गळतायत हे आधी बघा, यातही गोंधळ असतोच. हातात आलेला केस पूर्ण लांबीचा आणि एका टोकाला बारीक पांढरा गोळा असेल तर तो गळलेला, दिवसाला पन्नास ते शंभर गळणं नेहमीचं आहे, आणि कुरळ्या केसांत ते खाली न पडता अडकून बसतात म्हणून न्हाण्याच्या दिवशी मूठभर निघतात. आखूड तुकडा, गोळा नाही, तो तुटलेला. भाचीचे बहुतेक तुकडे होते, कारण ती वाळलेले केस बारीक फणीनं विंचरत होती, आजीनं सांगितलं होतं ना की ओले केस विंचरायचे नाहीत! आजीचं चुकलं नाही, ओला केस जास्त ताणतो आणि लवकर तुटतो, सरळ केसांना ते लागू आहे. पण पेनाच्या स्प्रिंगसारख्या केसांत प्रत्येक केस शेजारच्यात अडकलेला असतो, कोरड्यात फणी घातली की कट्ट. त्यामुळं आपण ओल्यातच सोडवायचे, पण नुसत्या पाण्यानं ओले नाही, कंडिशनरनं बुळबुळीत झालेले. गुंत्यावरून बोट घसरलं पाहिजे, अडखळलं तर कंडिशनर किंवा पाणी कमी आहे.

को-वॉशच्या दिवशी क्रम असा ठेवा. आधी बोटांनी मोठे गुंते सैल करा, नाहीतर टाळू चोळताना ते आणखी आवळतात. मग टाळू चोळून धुवा. मग लांबीला पुन्हा थोडा कंडिशनर लावून केसांचे चार-सहा भाग करा, गुंत्याच्या वर केस मुठीत धरा म्हणजे मुळाला ओढ बसत नाही, आणि रुंद दातांचा कंगवा टोकापासून सुरू करून थोडं थोडं वर न्या. मुळापासून खाली ओढणाऱ्यांना मी कंगवा देतच नाही.

शेवटी पुसायला आपला टेरी टॉवेल नको. सोलापूरचं टॉवेल जगभर जातं, मलाही अभिमान आहे, पण त्याचे ते धाग्यांचे फासे कुरळ्या केसात अडकतात. जुना सुती टी-शर्ट घ्या, चोळू नका, दाबा.

राहिलं बोअरचं पाणी. जड पाण्यातले क्षार केसावर बसतात, केस भाकरीच्या पापुद्र्यासारखा कडक लागतो आणि लोक म्हणतात केसाला ओलावा कमी पडला, आणखी कंडिशनर थापा. तो क्षार को-वॉशनं निघत नाही, त्याला महिन्यातून एकदा ईडीटीए असलेला शॅम्पू लागतो. आणि आरओच्या मशीनमधून जे पाणी नळीनं बाहेर पडतं ते वाया जाऊ नये म्हणून केस धुवायला वापरणाऱ्यांनो, त्यात क्षार उलट जास्त असतात, त्यानं फरशी पुसा.

भाचीला मी पहिल्यांदा शॅम्पूच करायला लावला, एकाच दिवशी दोनदा, नुसत्या टाळूला, मग लांबीला कंडिशनर आणि गुंता सोडवणं. त्यानंतर चार दिवसांनी नीट को-वॉश, पुढचं न्हाणं पुन्हा शॅम्पूनं, असं आलटून पालटून. उन्हाळ्यात घाम जास्त येतो तेव्हा शॅम्पू थोडा आधी. तीन आठवड्यांत खाज गेली, कंगव्यात आता तुकडे कमी आणि गोळेवाले केस जास्त दिसतात. चंपीची वाटी मात्र अजून चालूच आहे, तिच्या आईशी भांडायला मला पुढच्या रविवारी जायचंय.