गोळा घेण्याआधी: तांब्याचा दगड भट्टीलायक कसा होतो

आमच्या फौंड्रीतल्या जॉ प्लेट, लायनर आणि बॉल मिलचे गोळे खाणीवर जातात. तिथे त्यांच्याकडून नेमकं काय काम हवं असतं, हे कळलं की माल निवडणं सोपं जातं, म्हणून हे पत्रक.

समजा, १००० टन दगडात १ टक्का, म्हणजे १० टन तांबं आहे. मध्य प्रदेशातल्या मलाजखंडचा दगड साधारण याच प्रतीचा. तो तसाच भट्टीत घातला तर बहुतेक इंधन निव्वळ गारगोटी वितळवण्यात जाईल. म्हणून आधी तांब्याचे कण वेगळे करायचे. क्रशर दगड बोटभर जाडीवर आणतो. मग बॉल मिलमध्ये पाणी घालून तो सुमारे ७५ मायक्रॉनपर्यंत, केसाच्या जाडीइतका, दळतात. तांब्याचं सोनेरी खनिज गारगोटीतून सुटेपर्यंत दळण चालतं.

पुढचं काम फेसाचं. गाळात झँथेट नावाचं रसायन थोडंसंच टाकतात. ते तांब्याच्या गंधकयुक्त खनिजाच्या कणांना चिकटतं आणि मग त्या कणांना पाणी नकोसं होतं. खालून हवा सोडली की ते बुडबुड्यांना धरून वर येतात. पाइन ऑइलमुळे फेस टिकतो. चुना घालून सामू १० ते ११ ठेवला की लोखंडाचं गंधकी खनिज बहुतांशी खालीच राहतं. गुऱ्हाळात रसावरची मळी काढून टाकतात. इथे मात्र वरचा फेस हाच माल. ९० टक्के तांबं हाती आलं आणि मालात ते २५ टक्के असलं, तर हजार टनांतून ३६ टन माल निघतो. गाळून, पाणी काढून तो स्मेल्टरला जातो.

राहिलेलं १ टन तांबं टाकाऊ गाळात जातं. ते वाढू लागलं तर आधी दळण बघा. चिमूटभर गाळ धुऊन भिंगाखाली धरा. पांढऱ्या कणात अडकलेला सोनेरी ठिपका दिसला तर दळण जाडं आहे. पण अति बारीक दळणंही बरं नाही. पिठासारखे कण बुडबुड्याला नीट धरत नाहीत. शिवाय हिरवट, गंजलेला तांब्याचा दगड असेल तर नुसत्या झँथेटने तो वर येत नाही, दळण कितीही चांगलं असो.

गोळ्याचा प्रश्न इथेच येतो. साधा पोलादी गोळा झिजताना लोखंडाचा गंज गाळात सोडतो. तो तांब्याच्या कणांवर बसतो आणि झँथेटला जागा उरत नाही. जास्त क्रोमियमचा गोळा महाग पडतो, पण गंज कमी सोडतो. सगळ्यांनाच तो लागतो असं आम्ही म्हणणार नाही. गंधकी दगड आणि फेसाची पद्धत असेल तरच विचार करा.

ऑर्डर देताना मिलचा आकार, दगडाचा प्रकार आणि मिलमधून बाहेर पडणाऱ्या गाळाचा चाळणीचा निकाल कळवा. गोळ्यांचं माप आम्ही त्यावरून ठरवतो.