पहिली मंजुरी आणि शेवटची मंजुरी: कॅशलेसमधला खरा घोळ

आरोग्य विम्यातल्या कॅशलेस आणि रीइम्बर्समेंट यांतला फरक आता बहुतेकांना ठाऊक आहे. रीइम्बर्समेंटमध्ये आधी आपण पैसे भरायचे आणि मग कागद लावून ते परत मागायचे, कॅशलेसमध्ये कंपनी थेट रुग्णालयाला देते. गोंधळ उडतो तो कॅशलेसच्या आतल्या दोन मंजुऱ्यांमध्ये. ‘कार्ड दाखवा, एक रुपयाही भरू नका’ असं सांगणारे अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ या दोन्ही एकच समजतात. मग पहिल्यांदा पॉलिसी घेतलेला माणूस भरतीच्या दिवशी उगाच घाबरतो आणि डिस्चार्जच्या दिवशी उगाच गाफील राहतो.

पहिली मंजुरी म्हणजे प्री-ऑथ. ठरलेली शस्त्रक्रिया असेल तर दोन-तीन दिवस आधीच रुग्णालयात विम्याचं काम पाहणाऱ्या टीपीए डेस्कवर जावं. हेल्थ कार्ड, आधार, पॅन, डॉक्टरांची चिठ्ठी आणि तपासण्यांचे रिपोर्ट द्यावेत. मग डेस्कवरचे लोक प्री-ऑथचा फॉर्म भरतात, त्यात डॉक्टर निदान आणि उपचार लिहितात, खर्चाचा अंदाज येतो, तुम्ही सही करता आणि फॉर्म कंपनीकडे जातो. विमा नियामक आयआरडीएआयच्या मे 2024च्या परिपत्रकानुसार विनंती मिळाल्यापासून एका तासात कंपनीने निर्णय द्यायचा असतो.

सही करण्याआधी त्या फॉर्मवरचा एक रकाना स्वतः वाचा: आजार केव्हापासून आहे. घाईत कुणीतरी तिथे ‘मधुमेह, 5 वर्षं’ असं लिहितं. तुमचा मधुमेह वर्षभरापूर्वीचा असेल आणि पॉलिसी तीन वर्षांपूर्वीची, तर त्या एका आकड्याने तुम्ही पॉलिसी घेताना आजार लपवलात असा अर्थ निघतो. कंपनी क्वेरी काढते, जुने कागद मागते आणि मंजुरी तिथेच अडकते. आकडा चुकीचा असेल तर फॉर्म जाण्यापूर्वीच डॉक्टरांकडून दुरुस्त करून घ्यावा. नंतर दिलेल्या खुलाशाकडे संशयाने पाहिलं जातं.

आता मुख्य मुद्दा. प्री-ऑथच्या पत्रावरची रक्कम ही तुमच्या क्लेमची रक्कम नव्हे. उपचार सुरू करता यावेत म्हणून अंदाजावर दिलेला तो पहिला हप्ता असतो. ‘1 लाख 20 हजारांचा अंदाज दिला, 60 हजारच पास झाले, बाकीचे आता मी आणायचे का?’ हा प्रश्न घराघरांत पडतो. नाही. बिल वाढलं की रुग्णालय वाढीव मंजुरी मागतं आणि उरलेला हिशोब शेवटच्या मंजुरीत होतो. पण याची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे: प्री-ऑथ मिळाला म्हणजे सगळं बिल कंपनी भरणार, असंही नाही. शेवटची मंजुरी ठरते ती प्रत्यक्ष बिलावर, डिस्चार्ज समरीवर आणि तुमच्या पॉलिसीच्या अटींवर.

एक उदाहरण घेऊ. पॉलिसी 5 लाखांची आहे, खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला 5,000 रुपये. पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया, तीन दिवस मुक्काम, घेतलेली खोली 7,500ची. प्री-ऑथ आला 60 हजारांचा. शेवटी बिल झालं 1,16,000: खोली 22,500, सर्जन, भूल आणि ऑपरेशन थिएटर मिळून 60,000, औषधं आणि तपासण्या 30,000, आणि ग्लोव्ह्ज, मास्क, डायपर असल्या किरकोळ वस्तू 3,500.

खोली मर्यादेच्या दीडपट आहे, म्हणून कंपनी खोलीभाड्याचे दोन तृतीयांश, म्हणजे 15,000 देते. लोकांना खरा धक्का पुढे बसतो. अशा पॉलिसीत सर्जन आणि थिएटरच्या शुल्कालाही तेच प्रमाण लागू शकतं, कारण बहुतेक मोठ्या रुग्णालयांत महागड्या खोलीतल्या रुग्णाला हे शुल्कही जास्त लावतात. तिथे 60,000चे 40,000 होतात. औषधं आणि तपासण्यांना हे प्रमाण लावता येत नाही, त्यामुळे ते 30,000 पूर्ण मिळतात. किरकोळ वस्तूंचे काहीच नाही. शेवटची मंजुरी 85,000, तुमच्या खिशातून 31,000. पहिल्या पत्रापेक्षा 25 हजार जास्त मिळाले, तरीही बिलाचा चौथ्या हिश्शाहून मोठा भाग अंगावर आला.

या 31,000पैकी 27,500 फक्त खोलीच्या निवडीमुळे गेले. म्हणून भरतीच्या वेळी ‘कॅशलेस आहे ना?’ एवढंच विचारू नका. ‘माझ्या पॉलिसीत कोणती खोली बसते?’ हे विचारा आणि तीच घ्या. नवी पॉलिसी घेत असाल तर खोलीभाड्याची मर्यादा नसलेली घ्यावी, त्यासाठी हप्ता थोडा जास्त पडला तरी चालेल.

बिलातली आणखी एक जागा बघून ठेवा. नुसतं ‘किट’ लिहून पुढे आकडा टाकलेला असेल तर तो कापला जातो, कारण ज्यांचे पैसे कंपनी देत नाही अशा वस्तूंच्या यादीतच तपशील नसलेलं किट आहे. किटमध्ये काय होतं ते बिलावर फोडून लिहायला सांगा. त्यातल्या काही वस्तू मंजूर होऊ शकतात.

डिस्चार्जच्या दिवशीची चिडचिडही दोन वेळांच्या गल्लतीतून होते. सकाळी 10 वाजता डॉक्टर ‘आज घरी जा’ म्हणतात आणि नातेवाईक तेव्हापासून तास मोजू लागतात. शेवटच्या मंजुरीसाठी कंपनीला तीन तास आहेत, पण ते मोजायचे रुग्णालयाकडून विनंती पोचल्यापासून. त्याआधी उरलेली औषधं परत जातात, लॅबचा हिशोब बंद होतो, समरी टाइप होते. यात 1 वाजला तर कंपनीची मुदत 4पर्यंत. म्हणून डेस्कवर ‘अजून किती वेळ?’ असं विचारण्यापेक्षा ‘फायनल बिल किती वाजता पाठवलं?’ असं विचारा. पाठवलंच नसेल तर कंपनीच्या हेल्पलाइनवर भांडून उपयोग नाही. पाठवून तीन तास उलटले असतील, तर उशिरामुळे रुग्णालयाने लावलेला जादा खर्च कंपनीने सोसायचा, असं तेच परिपत्रक सांगतं. तेव्हा पाठवल्याची वेळ लिहून ठेवा.

शेवटचं पत्र हातात आलं की कपातींची कारणं एकेक करून वाचा आणि मगच उरलेली रक्कम भरा. भरतीवेळी अनामत घेतली असेल तर ती वळती झाली का, तेही पाहा.

कॅशलेस नाकारलं म्हणजे क्लेम नाकारला, हा समज तर ताबडतोब सोडा. वेळेत कागद मिळाले नाहीत किंवा शंका मिटली नाही, तरी कॅशलेस नाकारलं जातं. बिल भरून तोच खर्च रीइम्बर्समेंटमध्ये मागता येतो. त्यासाठी मूळ बिलं, पावत्या, डिस्चार्ज समरी आणि नकाराचं पत्र सांभाळून ठेवा, आणि कागद किती दिवसांत द्यायचे ते पॉलिसीत बघा. कॅशलेस सुरळीत झालेल्यांनीही घरी आल्यावर ही फाइल बंद करू नये. भरतीआधीच्या तपासण्या आणि नंतरची औषधं पॉलिसीत ठरलेल्या दिवसांपर्यंत मिळतात, पण ते पैसे याच रस्त्याने, वेगळा अर्ज करून मागावे लागतात.