फुगीर बो: पिळाचा आणि खाचेचा

रिबनीचे फुगीर बो दोन तऱ्हांनी बनतात, पण दोन्ही समोर ठेवले तर सारखेच दिसतात. चहूबाजूंनी फुललेले लूप, मध्ये घट्ट आवळलेली तार. फरक असतो तो अंगठ्याखाली दडलेल्या मधल्या जागेत. एका बोमध्ये प्रत्येक लूपनंतर रिबनीला पीळ दिलेला असतो, त्याला फ्लोरिस्ट बो म्हणतात. दुसऱ्यात सगळे वेढे एकदम घेऊन मधोमध खाच कापलेली असते, तो पॉम-पॉम बो. हा फरक लक्षात न घेता रिबन निवडली की हमखास फसगत होते. मीही कडेला तार असलेली छान रुंद रिबन घेऊन तिला खाचा कापल्या होत्या. कडेची तार तुटली, तिची टोकं बोटांना टोचायला लागली आणि लूप बुडातूनच मान टाकून बसले.

म्हणून तारेच्या कडेची रिबन असेल तर पिळाचाच बो करावा. सुरुवातीला शेपटीसाठी १२ इंच सोडा आणि रिबन चिमटीत धरा, सुलटी बाजू वर. अंगठ्याभोवती एक छोटा लूप घ्या, हा बोचा मध्य. तो चिमटीत आणलात की पुढची रिबन उलटी दिसायला लागेल. तिथेच, अगदी अंगठ्याला लागून, तिला अर्धा पीळ द्या म्हणजे सुलटी बाजू पुन्हा वर येईल. मग डावीकडे एक लूप, चिमूट, पीळ. उजवीकडे एक लूप, चिमूट, पीळ. या पिळामुळे उलटी बाजू लपते, पण त्याहून मोठं काम तो वेगळंच करतो. रिबन मध्यात अरुंद होते आणि लूप आडवा न पडता उभा राहतो. पीळ चिमटीपासून बोटभर लांब पडला तर हा फायदा जातो, बो चपटाच राहतो.

रिबन किती लागेल, हे आधी मोजलेलं बरं. दारावर लावायच्या गोल रीथसाठी अडीच इंच रुंद रिबन घेतली आणि ५ इंचांचे १० लूप धरले, तर एका लूपला जाऊन-येऊन १० इंच, म्हणजे १०० इंच लागतात. मधल्या लूपचे ६ आणि दोन शेपट्यांचे २४ मिळवले की १३० इंच, साधारण ३.३ मीटर. रीळ ३ मीटरचं असेल तर ते पुरत नाही. तेव्हा लूप लहान करण्यापेक्षा ८ लूपच घ्यावेत. ११० इंचांत काम होतं आणि पिळात जाणाऱ्या रिबनीलाही थोडी जागा उरते.

आता तार. २४ किंवा २६ गेजची तार मधल्या छोट्या लूपमधून ओवून मागे आणा आणि ओढून घ्या. मग तार धरून ठेवा आणि बो फिरवा, कारण नुसती तार पिळली तर ती बहुतेक वेळा सैल राहते. तारेची टोकं धरून बो हलवून पाहा. लूप जागचे सरकले तर पकड कच्ची आहे. फुलवायचं काम तार पक्की झाल्यावरच. लूपमध्ये बोट घालून एक डावीकडे, एक उजवीकडे, एक वर, एक खाली असे ओढत जायचं.

खाचेचा बो त्यामानाने झटपट होतो. साधी, जरा ताठ सॅटिन किंवा ऑर्गन्झा रिबन हाताभोवती आठ-दहा वेळा गुंडाळायची, काढून चपटी करायची आणि दोन्ही टोकांना दोन्ही कडांतून तिरके कोपरे कापायचे. मग घडी अशी बदलायची की दोन्ही टोकांच्या खाचा मध्यावर एकमेकींवर येतील. तिथे तार आवळली की आतला एकेक लूप बाहेर ओढून पिळायचा. खाचांमध्ये रिबनीचा निदान एक तृतीयांश भाग शाबूत हवा. त्याहून खोल कापलं तर लूप ओढताना फाटतो, उथळ कापलं तर तार मध्य आवळू शकत नाही. हा बो गोल चेंडूसारखा होतो आणि त्याला शेपट्या नसतात. हव्या असतील तर वेगळा तुकडा मागे त्याच तारेत बांधावा.

भेटवस्तूच्या खोक्यावर मला खाचेचाच आवडतो, छोटा आणि नेटका दिसतो. पण ते खोकं दुसऱ्या सामानाखाली जाणार असेल तर नको, कारण दबलेली साधी रिबन पुन्हा नीट उभी राहत नाही. तारेच्या कडेची रिबन दबली तरी बोटांनी परत उघडते. झाडाच्या फांदीसाठी आणि रीथसाठी म्हणूनच पिळाचा बो. बांधताना तारेची दोन्ही टोकं सहा-सहा इंच राखून ठेवावीत. फांदीच्या मागे ती दोनदा गुंडाळून टोकं आत दुमडावीत आणि बो बांधून झाल्यावर लूप पुन्हा एकदा उघडावेत, कारण बांधण्याच्या खटपटीत खालचे दोन-तीन तरी चेपलेले असतातच.