जेवणावरचा चहा आणि भाकरीतलं लोह

एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. मिलिलिटरमागे सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह धरलं, तर ४० मिलिलिटरबरोबर २० मिलिग्रॅम गेलं, म्हणजे दिवसाला ०.७. त्वचेच्या आणि आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर रोज आणखी ०.८ च्या आसपास जातंच. थोडक्यात, रोज दीड मिलिग्रॅम लोह रक्तात पोचायला हवं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण आपल्या धान्य-डाळींच्या जेवणातलं लोह शेकडा पाच ते दहाच अंगी लागतं. म्हणूनच राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये स्त्रियांसाठी रोज २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केली. पुरुषांसाठी ती १९ आहे.

आता एक जेवण घेऊ: बाजरीच्या दोन भाकऱ्या आणि मटकीची उसळ. शंभर-सव्वाशे ग्रॅम पिठातून सात-आठ मिलिग्रॅम आणि मटकीतून तीनेक, असं दहाच्या पुढे लोह ताटात येतं. त्यातलं अंगी लागतं साधारण अर्धा ते एक मिलिग्रॅम. बाकीचं बाजरीच्या कोंड्यातल्या फायटेटसारखे घटक अडवतात. मटकी भिजवून मोड आणले की तिच्यातलं फायटेट तुटतं आणि लोह मोकळं होतं. भाकरीच्या बाबतीत ही सोय नाही.

या जेवणावर लगेच चहा घेतला, तर त्यातली टॅनिनं आतड्यातच लोहाला चिकटतात आणि शोषण निम्म्याहूनही खाली येऊ शकतं. दूध घातल्याने फारसा फरक पडत नाही. तासाभराच्या अंतराने घेतलेला चहा मात्र बराच निरुपद्रवी ठरतो. चहा सोडायची गरज नाही, त्याची वेळ बदलली की पुरे.

क जीवनसत्त्वाचं काम याच्या उलट. ते लोहाला विरघळणाऱ्या रूपात ठेवतं आणि फायटेटच्या तावडीतून सोडवतं. पण ते त्याच घासांबरोबर पोटात जायला हवं. सकाळचा आवळा दुपारच्या भाकरीच्या कामी येत नाही. अर्ध्या लिंबात ते दहाएक मिलिग्रॅमच असतं, तर अर्ध्या पेरूत शंभराच्या घरात. म्हणून जेवताना पेरूची फोड उत्तम. लिंबू पिळायचं तर उसळ गॅसवरून उतरवल्यावर, कारण उकळीत क जीवनसत्त्व नष्ट होतं.

आंबट आमटी लोखंडी कढईत शिजवली की थोडं लोह कढईतूनही उतरतं. बीटचा लाल रंग मात्र फसवा आहे, त्यात लोह नाममात्रच. चमचाभर गुळातूनही फार काही मिळत नाही.

हे सगळं साठा टिकवण्यापुरतं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं असेल, तर नुसत्या जेवणाने ते भरून येणं कठीण; डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या लागतात, आणि त्याही चहा-दुधाबरोबर घेऊ नयेत. हिमोग्लोबिन ठीक असूनही दम लागत असेल, तर लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन तपासावं, कारण साठा आधी रिता होतो. तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागत असेल किंवा पाळी आठवडाभराहून लांबत असेल, तर आधी रक्तस्रावाचं कारण शोधायला हवं.