पन्नास लाखांची रेघ: अधिभार, उपकर आणि सीमांत सवलतीची पार्श्वभूमी

हिंगणघाटच्या एखाद्या जिनिंगवाल्याचा हिशेब मार्चअखेर जुळतो तेव्हाच त्या वर्षाचा नफा किती ते त्याला नेमके कळते. गाठी आणि सरकीच्या शिल्लक मालाची किंमत धरली की नफ्याचा आकडा कधी लाखभर वर सरकतो, कधी खाली येतो. एरवी त्याने फारसा फरक पडत नाही. पण उत्पन्न पन्नास लाखांच्या आसपास असेल तर ती लाखभराची सरक महागात पडू शकते. तिथे अधिभार, म्हणजे आपण ज्याला सरचार्ज म्हणतो तो, सुरू होतो.

अधिभार उत्पन्नावर लागत नाही, तो करावर लागतो. आधी स्लॅबप्रमाणे कर काढायचा आणि त्या करावर आणखी दहा टक्के द्यायचे. मेख अशी की हे दहा टक्के पन्नास लाखांवरच्या रकमेपुरते नसतात, ते संपूर्ण कराला लागतात. त्यामुळे रेघेच्या एक रुपया अलीकडचा आणि एक रुपया पलीकडचा माणूस यांच्या करात लाखाहून जास्त फरक पडला असता. तो पडू नये म्हणून सीमांत सवलत आहे.

अधिभाराचे मूळ राज्यघटनेत आहे. कलम २७१ प्रमाणे संसद केंद्राच्या कामासाठी कर वाढवू शकते आणि तो वाढीव पैसा राज्यांना वाटून द्यावा लागत नाही. प्राप्तिकराच्या मूळ रकमेत वित्त आयोगाच्या शिफारशीप्रमाणे महाराष्ट्राचा वाटा असतो, अधिभारात आणि उपकरात नसतो. केंद्राला हे दोन्ही इतके प्रिय का, याचे मोठे उत्तर माझ्या मते इथेच आहे.

अधिभार नेहमी तात्पुरता म्हणून येतो. २००३ मध्ये जसवंत सिंह यांच्या अर्थसंकल्पाने साडेआठ लाखांवरच्या व्यक्तिगत उत्पन्नाला दहा टक्के अधिभार लावला. २००५ मध्ये ही रेघ दहा लाखांवर गेली. २००९ मध्ये प्रणव मुखर्जींनी व्यक्तींवरचा अधिभार काढूनच टाकला आणि चार वर्षे तो नव्हता. २०१३ मध्ये पी. चिदंबरम यांनी तो पुन्हा आणला, पण फक्त एक कोटीवरच्यांसाठी. वर्षाला एक कोटीहून जास्त उत्पन्न दाखवणारे देशभरात केवळ ४२,८०० जण आहेत, असे त्यांनी तेव्हा संसदेत सांगितले होते. पुढे २०१५ मध्ये संपत्ती कर रद्द झाला आणि त्याच्या बदल्यात हा दर बारा टक्के झाला, २०१६ मध्ये पंधरा.

आपल्या भागातल्या माणसाशी या कराची गाठ पडली ती २०१७ मध्ये. अरुण जेटलींनी अडीच ते पाच लाखांच्या स्लॅबचा दर दहावरून पाच टक्क्यांवर आणला आणि त्यातून होणारी तूट काही अंशी भरून काढायला पन्नास लाख ते एक कोटीच्या टप्प्यावर दहा टक्के अधिभार बसवला. एक कोटीची रेघ तालुक्याच्या गावात क्वचित कुणी ओलांडत असेल. पन्नास लाखांची मात्र जिनिंग-प्रेसिंगवाला, वरुडकडचा संत्र्याचा मोठा व्यापारी किंवा नगरपालिकेला लागून असलेली जमीन विकणारा माणूस सहज ओलांडतो. त्यातला शेवटचा तर आयुष्यात एकदाच. (गावाकडची, पालिकेपासून ठरावीक अंतराबाहेरची शेतजमीन विकली तर भांडवली नफ्याचा करच नाही, मग अधिभार दूरच. शेतीचे उत्पन्नही करमुक्त, त्यामुळे ते पन्नास लाखांच्या मोजणीत येत नाही. स्लॅबचा दर ठरवताना मात्र ते धरले जाते.)

२०१९ मध्ये दोन कोटी आणि पाच कोटींवर पंचवीस आणि सदतीस टक्क्यांचे टप्पे आले. २०२३ मध्ये नव्या करप्रणालीसाठी कमाल अधिभार पंचवीस टक्क्यांवर थांबवला गेला. आपल्या विषयाशी त्यांचा संबंध थोडाच.

उपकराची वाट वेगळी. २००४ मध्ये शिक्षणासाठी दोन टक्के, २००७ मध्ये माध्यमिक आणि उच्च शिक्षणाच्या नावाने आणखी एक, आणि २०१८ पासून आरोग्य व शिक्षण मिळून चार टक्के. त्याला उत्पन्नाची रेघ नाही, ज्याला कर आहे त्या प्रत्येकाला तो आहे. आणि तो सगळ्यात शेवटी, कर अधिक अधिभार या बेरजेवर लागतो. हा क्रम लक्षात ठेवावा, कारण पुढची गंमत त्यातच आहे.

आता एक हिशेब करू. स्वतःच्या नावावर जिनिंग चालवणारा, शेती नसलेला एक व्यापारी घ्या. वर्ष २०२५-२६, नवी करप्रणाली. उत्पन्न बरोबर पन्नास लाख असते तर स्लॅबप्रमाणे कर १०,८०,००० झाला असता. अधिभार शून्य. चार टक्के उपकर ४३,२०० धरून एकूण ११,२३,२००.

पण उत्पन्न भरले ५१ लाख. स्लॅबचा कर ११,१०,०००, त्यावर दहा टक्के अधिभार १,११,०००, बेरीज १२,२१,०००. म्हणजे कमाई एक लाखाने वाढली आणि उपकर धरण्याआधीच कर १,४१,००० ने वाढला. सीमांत सवलतीचा नियम इथे आडवा येतो: बरोबर पन्नास लाख उत्पन्नाला लागणारा कर अधिक त्यापलीकडची जादा कमाई, याहून कर आणि अधिभाराची बेरीज जास्त होऊ द्यायची नाही. १०,८०,००० अधिक १,००,००० म्हणजे ११,८०,०००. वरचे ४१,००० सवलत म्हणून सुटले आणि अधिभार ७०,००० उरला.

मग उपकर. ११,८०,००० वर चार टक्के म्हणजे ४७,२००, एकूण १२,२७,२००. पन्नास लाखांवाल्याहून हा माणूस १,०४,००० जास्त भरतो. एक लाख जास्त कमावून हातात चार हजार कमी. एका व्यापाऱ्याला हे कागदावर मांडून दाखवले तर तो म्हणाला, “हे तं उलटंच झालं ना भाऊ!” उलटेच आहे. नियमाने अधिभारापुरती सवलत दिली, उपकर तिच्या बाहेर राहिला. त्यामुळे या पट्ट्यात शंभर रुपये जास्त मिळवले की एकशे चार सरकारजमा होतात. हा पट्टा साधारण ५१,६१,००० पर्यंत चालतो. तिथून पुढे पूर्ण दहा टक्के अधिभार धरूनही बेरीज या मर्यादेच्या आत बसते आणि सवलत आपोआप संपते.

चूक होते ती बहुधा आगाऊ कर भरताना, कच्च्या हिशेबात. मुनीम थेट दहा टक्के धरतो आणि जास्त भरतो, किंवा पन्नास लाखांच्या आतच राहू असे गृहीत धरून कमी भरतो आणि मग व्याज लागते. एक कोटीच्या रेघेवर आणखी एक गफलत होते. तिथे तुलना करताना एक कोटीवरच्या करात आधीचा दहा टक्के अधिभार धरायचा असतो, म्हणजे २५,८०,००० नव्हे, २८,३८,०००. हा अधिभार विसरला तर सवलत फुगते आणि कर कमी भरला जातो.

विवरणपत्रात करगणनेच्या भागात अधिभाराच्या दोन रकमा दिसतात, सवलतीआधीची आणि सवलतीनंतरची. उत्पन्न ५० लाख ते ५१,६१,००० च्या मध्ये असूनही त्या दोन्ही सारख्याच दिसल्या तर सी.ए.ला फोन करावा.