तीन पिक्सेलचं पाऊल

आपण बनवलेल्या पहिल्या गेममधलं पात्र चालायला लागलं की बहुधा दोनपैकी एक दोष दिसतो. एक तर ते लंगडल्यासारखं एकाच पायावर उड्या मारतं, नाहीतर जमिनीवरून घसरत जातं. पहिल्या दोषाचं मूळ रंगात असतं आणि दुसऱ्याचं साध्या अंकगणितात.

उदाहरणासाठी पिको-८ घेऊ. हे छोटे गेम बनवण्याचं सॉफ्टवेअर आहे. त्याचा पडदा १२८ बाय १२८ पिक्सेलचा, नेहमीच्या पॅलेटमध्ये रंग १६, आणि चित्र सेकंदाला ३० वेळा बदलतं. त्यात १६ बाय १६ पिक्सेलचा, बाजूने दिसणारा एक मुलगा काढायचा आहे. डोक्याला ७ ओळी, धडाला ५, पायांना उरल्या ४. डोकं अवाढव्य वाटेल, पण चेहरा ओळखू येण्यासाठी तेवढी जागा लागतेच.

सोळा रंग हाताशी असले तरी चारच घेऊ: गडद निळा (क्रमांक १), लाल (८), निळा (१२) आणि फिकट त्वचेचा (१५). केस गडद निळे, सदरा लाल, पँट निळी. हे चार निवडण्याचं कारण त्यांचा उजेड. चित्र कृष्णधवल करून पाहिलं तरी चारही छटा एकीपेक्षा एक उजळ, पायरीपायरीने वेगळ्या दिसतात. एवढ्या लहान चित्रात डोळा आधी उजेडातला फरक टिपतो, रंग नंतर. बाह्यरेषेसाठी काळा वापरू नका. पिको-८ मध्ये स्प्राइट, म्हणजे पात्राचं छोटं चित्र, पडद्यावर काढताना रंग ० म्हणजे काळा पारदर्शक धरला जातो, त्यामुळे काळ्या रेषेच्या जागी मागचं गवत दिसू लागतं. गडद निळ्यालाही मर्यादा आहे: पार्श्वभूमी काळोख्या गुहेची असेल तर तो तिच्यात हरवतो.

आता चालण्याच्या चार फ्रेम. पहिलीत जवळचा पाय पुढे आणि दूरचा मागे, दोन्ही जमिनीला टेकलेले. दुसरीत जवळचा पाय शरीराखाली सरळ, दूरचा उचललेला. तिसरी आणि चौथी तशाच, फक्त पायांची अदलाबदल. दोन्ही पाय एकाच निळ्या रंगात असतील तर पहिली आणि तिसरी फ्रेम हुबेहूब सारखी दिसते, आणि तीच ती लंगडी. म्हणून दूरचा पाय गडद निळा करायचा. नवा रंग लागत नाही, आणि कुठला पाय पुढे आहे ते लगेच कळतं. १९८१च्या डाँकी काँगमध्ये मारिओला ओव्हरऑल्स चढवले तेही अशाच गरजेतून: धड आणि बाही वेगळ्या रंगांची असली तरच हलणारे हात दिसणार होते.

पाय फाकले की कंबर खाली येते. किती, ते पायथागोरस सांगतो. पाय ४ पिक्सेल लांब, पाऊल शरीराच्या मध्यापासून ३ पिक्सेल पुढे, म्हणजे कंबरेची उंची १६ वजा ९ चं वर्गमूळ, साधारण २.६. पिक्सेल अर्धा कापता येत नाही, म्हणून पहिल्या आणि तिसऱ्या फ्रेममध्ये डोकं आणि धड एक ओळ खाली घ्यायचं. पावलं मात्र शेवटच्या ओळीतच राहिली पाहिजेत. घाईत आख्खं चित्र खाली सरकवलं तर मुलगा दर पावलाला जमिनीत रुततो.

राहिली घसरगुंडी. टेकलेलं पाऊल पहिल्या फ्रेममध्ये ३ पिक्सेल पुढे, दुसरीत मध्यावर, तिसरीत ३ मागे असतं. म्हणजे दर फ्रेमला ते शरीराच्या मानाने ३ पिक्सेल मागे जातं. तेवढ्याच वेळात शरीर ३ पिक्सेल पुढे गेलं तरच पाऊल जमिनीवर स्थिर दिसेल. म्हणून फ्रेम घड्याळावर बदलू नये, चाललेल्या अंतरावर बदलावी:

```
d += 1
f = flr(d/3) % 4
spr(32+2*f, x, y, 2, 2)
```

इथे `d` म्हणजे आतापर्यंत चाललेले पिक्सेल. चार फ्रेम ३२, ३४, ३६ आणि ३८ या जागांवर काढलेल्या आहेत. मुलगा थांबला की `d` ला ३ करायचं, म्हणजे सरळ पायाची फ्रेम येते; नाहीतर तो पाय फाकून उभा राहतो. मुलगा डावीकडे चालला तरी `d` वाढतच ठेवायचा, फक्त चित्र उलटं करायचं.

या हिशेबात मुलगा सेकंदाला ३० पिक्सेल चालतो आणि पाच पावलं टाकतो. खरा माणूस सेकंदाला साधारण दोनच टाकतो, पण चार पिक्सेलच्या पायांना ही लगबग शोभते. वेग दुप्पट केला की पावलं दहा होतात आणि पाय नुसते फडफडतात. तिथे पाय लांब काढणं किंवा पळण्याच्या वेगळ्या फ्रेम करणं हाच सरळ मार्ग. अनेक गेम थोडं घसरणं चालवून घेतात. जमीन एकसारख्या रंगाची असेल तर ते कळतही नाही. फरशीच्या रेघा काढल्या की मात्र लगेच दिसतं.