मार्शमेलोचा प्रयोग चार रकान्यांत

मार्शमेलोची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. चार-पाच वर्षांच्या मुलासमोर गोड खाऊ ठेवायचा, ‘मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील’ म्हणायचं आणि खोलीबाहेर जायचं. थांबलेली मुलं पुढे हुशार निघाली, असा या गोष्टीचा शेवट. हीच गोष्ट पद्धत, नमुना, निष्कर्ष आणि आक्षेप अशा चार रकान्यांत भरायला घेतली, की नमुन्यापाशीच हात अडखळतो.

मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी १९६८ ते १९७४ या काळात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतल्या ६५३ मुलांवर हे प्रयोग केले. रकान्यात ६५३ लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. पण ‘पुढे हुशार निघाली’ हा निष्कर्ष १९९०च्या शोधनिबंधातला आहे. तेव्हा १८५ जणांकडून माहिती आली आणि त्यातल्या ९४ जणांचेच एसएटी या प्रवेशपरीक्षेचे गुण मिळाले. शिवाय प्रयोगाचे प्रकार अनेक होते: कुठे खाऊ झाकलेला, कुठे मन रमवायची युक्ती आधीच सांगितलेली. गुणांशी ठळक संबंध दिसला तो खाऊ समोर उघडा आणि युक्ती सांगितलेली नाही, या एकाच प्रकारात. त्यात गुण उपलब्ध असलेली मुलं होती ३५. निष्कर्षाशेजारी हाच आकडा हवा. नमुना लहान आहे, हे संशोधकांनी स्वतःच सांगितलं होतं. गोष्ट सांगणाऱ्यांनी ते गाळलं.

| अभ्यास | पद्धत | नमुना | निष्कर्ष | आक्षेप |
|---|---|---|---|---|
| शोडा, मिशेल, पीक (१९९०) | खाऊ उघडा, युक्ती नाही. पुढे एसएटी | ३५, एकाच विद्यापीठाची बालवाडी | गुणांशी सहसंबंध: भाषा ०.४२, गणित ०.५७ | लहान नमुना, एकसारखी घरं |
| किड आणि सहकारी (२०१३) | मोठ्या माणसाने आधी शब्द पाळला किंवा मोडला, मग खाऊ | २८ | शब्द पाळल्यावर मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, मोडल्यावर ३ मिनिटं | पुढच्या आयुष्याबद्दल काहीच नाही |
| वॉट्स, डंकन, क्वान (२०१८) | कमाल ७ मिनिटं. १५व्या वर्षी चाचण्या | पदवी नसलेल्या आयांची ५५२ मुलं | संबंध आधीच्या सुमारे निम्मा | खाली पाहा |

शेवटच्या ओळीचा आक्षेप एका वाक्यात मावत नाही. घरची परिस्थिती आणि मुलाची लहानपणची आकलनक्षमता हिशेबात घेतल्यावर तो निम्मा संबंधही दोन-तृतीयांशाने घटला. ‘प्रयोग खोटा ठरला’ अशी बातमी झाली ती यावरून. या हिशेबाच्या टीकाकारांचं म्हणणं असं, की थांबता येणं हे काही अंशी आकलनक्षमतेवरच उभं आहे. ती वजा केली तर जे मोजायचं तेच वजा होतं. मला हा मुद्दा पटतो, पण घरच्या परिस्थितीला तो तितकासा लागू पडत नाही.

किड यांची ओळ मात्र वेगळ्याच प्रश्नाची आहे. तिथे मुलाचा संयम आणि समोरच्या माणसावरचा विश्वास यांची फारकत करायची होती. त्यामुळे ती उरलेल्या दोन ओळींना दुजोराही देत नाही आणि त्या खोडूनही काढत नाही. तक्त्यात ‘संशोधकांनी विचारलेला प्रश्न’ असा पाचवा रकाना आखला, तर हे पहिल्या नजरेतच दिसतं.